चकली उशिरा पोचणार: माफीच्या व्हिडिओत काय बोलायचं, कोणाला पाठवायचं

प्रश्न: गिरगावात आमचं फराळाचं छोटं दुकान आहे. या वर्षी ६२ ऑर्डर आहेत, सगळ्या उद्या शनिवारी, धनत्रयोदशीला पोचवायचं कबूल केलंय. ५३ मुंबई-ठाण्यात, ९ पुणे-नाशिकला कुरियरने. प्रत्येक डब्यात अर्धा किलो चकली. मंगळवारपासून रोज संध्याकाळी तळून झालं की नवी मुलगी लगेच पिशव्या भरत होती. आज उघडून पाहिलं तर सगळ्या चकल्या मऊ. त्या बाजूला काढल्या. बाकी फराळ तयार आहे. भाजणी उद्या सकाळी दळून मिळेल, पण दिवसाला १२ किलोच्या वर चकली निघत नाही. मी माफीचा व्हिडिओ करतेय. असं लिहिलंय: “नमस्कार मंडळी, गेली अनेक वर्षं आपण आमच्यावर भरभरून प्रेम केलंत. परंतु यंदा अवकाळी पाऊस आणि काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला थोडा विलंब होत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक दिलगिरी. आमची टीम रात्रंदिवस झटत आहे. आपलं सहकार्य असंच राहू द्या.” ठीक आहे का? इन्स्टावर टाकू का?

उत्तर:

ताई, इन्स्टावर टाकू नका, आणि हा मजकूर बाजूला ठेवा. दादर-परळ-गिरगावातल्या दुकानांसाठी जाहिराती आणि छोटे व्हिडिओ लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, माफीचा व्हिडिओ बिघडतो तो बहुतेक वेळा शब्दांमुळे नाही. सांगण्यासारखं काही ठरायच्या आधीच तो रेकॉर्ड केलेला असतो, म्हणून बिघडतो. तुमच्या मजकुरात “थोडा विलंब” आहे, पण फराळ नेमका कोणत्या दिवशी येईल ते नाही. ते अजून तुम्हालाच माहीत नाही. म्हणून फोन हातात घेण्याआधी वही घ्या.

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. उशीर ६२ डब्यांना नाही, फक्त चकलीला आहे. लाडू, करंज्या, चिवडा, शंकरपाळे तयार आहेत, मग ते चकलीसाठी का थांबवायचे? बाकीचा डबा उद्या ठरल्या दिवशी जाऊ द्या आणि चकली मागून वेगळी पाठवा. घरोघरी दुसरी फेरी करावी लागेल, पोरांचा दोन दिवसांचा रोज आणि रेल्वेचं भाडं जास्तीचं पडेल. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी खर्च तोच आहे. तो केल्यामुळे तुमची माफी “दिवाळीचा फराळ वेळेवर आला नाही” या मोठ्या गोष्टीची न राहता “चकली तीन दिवस उशिरा आली” एवढ्या लहान आणि खऱ्या गोष्टीची होते.

आता पुण्या-नाशिकच्या ९ ऑर्डर. तिथे दुसरं कुरियर सणाच्या गर्दीत कधी पोचेल ते तुम्ही सांगू शकत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याचा शब्द द्यायचा नाही. त्या नऊ जणांना आज रात्री फोन करा, डबा चकलीविना येतोय हे सांगा आणि चकलीचे पैसे फोन ठेवल्या ठेवल्या परत करा. त्यांना व्हिडिओ पाठवायची गरज नाही.

राहिली ५३ घरं, म्हणजे साडेसव्वीस किलो चकली. दिवसाला १२ किलो म्हणजे २४ पिशव्या. शनिवारी तळलेल्या २४ रात्रभर निवतील आणि रविवारी सकाळी भरून रविवारीच जातील. रविवारच्या २४ सोमवारी जातील. सोमवारी फक्त ५ पिशव्यांचा घाणा उरतो, त्या संध्याकाळी किंवा मंगळवारी सकाळी पोचतील. हिशेबाने सोमवारी रात्री सगळं संपायला हवं. तरी व्हिडिओत “मंगळवारी दुपारी १२ च्या आत” असंच म्हणा. लक्ष्मीपूजन मंगळवारी संध्याकाळी आहे, म्हणजे तोवर चकली घरात असेल. मधला अर्धा दिवस तुमच्या हाताशी राहू द्या, कारण कढई, गॅस, पोरगा, लोकल, यातलं काहीही एकदा तरी अडेल. पहिला दिवस चुकला तर गिऱ्हाईक रागावतं आणि ऐकून घेतं. माफी मागताना दिलेला दिवससुद्धा चुकला तर पुढे तुम्ही काहीही बोललात तरी ते कानावर पडत नाही.

वहीत अजून एक काम आहे. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने उशीर दिवसांत मोजला जात नाही, तो प्रसंगात मोजला जातो. शनिवार ऐवजी मंगळवार म्हणजे तीन दिवस, हा झाला तुमचा हिशेब. त्यांच्या घरी मात्र सोमवारी पहाटे पहिली अंघोळ आहे आणि त्यानंतरच्या फराळाच्या ताटात चकली नसणार आहे, हे खरं नुकसान. त्यातही सगळ्या घरांचं नुकसान सारखं नाही. कुणाकडे लेकीचा दिवाळसण असेल, जावई पहिल्यांदा येणार असेल. कुणी म्हातारी दोघंच असतील आणि मुलगा दोन दिवसांसाठी येऊन सोमवारी रात्री परत निघणार असेल. ऑर्डर घेताना लोक असं काहीबाही बोलतात, तुम्हाला किंवा पिशव्या भरणाऱ्या बायकांना ते आठवेल. ती आठ-दहा घरं काढा, त्यांनाही आजच फोन करा आणि रविवारच्या २४ पिशव्यांत त्यांचा नंबर आधी लावा. उरलेल्या जागा भागाप्रमाणे भरा: रविवारी पश्चिम रेल्वेच्या बाजूची घरं, सोमवारी मध्य रेल्वेची, किंवा उलट. कुठल्या मार्गावर रविवारी मेगाब्लॉक आहे ते बघून ठरवा. ठाण्याच्या गाडीत तासभर लटकलेल्या पिशवीतल्या चकलीचा चुरा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एवढं झालं की मजकूर जवळजवळ आपोआप लिहून होतो. हा घ्या:

> नमस्कार, मी (तुमचं नाव), गिरगावहून. तुमच्या फराळातली चकली उद्या, धनत्रयोदशीला, मिळणार नाही. माफ करा.
>
> चूक आमची आहे. घाईत आम्ही चकल्या कोमट असतानाच पिशव्यांत भरल्या. वाफ धरली आणि सगळ्या मऊ पडल्या. तशा तुम्हाला द्यायच्या नाहीत, म्हणून नव्याने तळतो आहोत.
>
> लाडू, करंज्या, चिवडा, शंकरपाळे उद्याच तुमच्या घरी येतील. चकली मंगळवारी दुपारी १२ च्या आत वेगळी येईल. दुसऱ्या फेरीचे पैसे लागणार नाहीत.
>
> पहिल्या अंघोळीला ताटात चकली नसेल, हे मला कळतं. नकोच असेल, तर याच नंबरवर “चकली नको” एवढं लिहा. तिचे पैसे त्याच दिवशी परत करते.
>
> काम कुठवर आलं ते रविवारी संध्याकाळी मी स्वतः कळवेन.

हे साधारण ९० शब्द आहेत. कॅमेऱ्यासमोर शांतपणे बोललं की मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे हे ५० सेकंदांत बसतं. त्याहून मोठं करू नका. चार वर्षांपूर्वी एका साड्यांच्या दुकानासाठी मी साडेतीन मिनिटांचा माफीचा व्हिडिओ लिहिला होता. मालकीणबाईंनी दुकान कसं उभं राहिलं, सासूबाईंनी काय शिकवलं, विणकर कसे अडचणीत आहेत, सगळं मनापासून सांगितलं. साडी कधी मिळेल ते मी शेवटी ठेवलं होतं, कारण मला वाटलं आधी मन जिंकावं. संध्याकाळपर्यंत आलेल्या उत्तरांत पुन्हा पुन्हा एकच प्रश्न होता: “मग माझी साडी कधी?” लोकांनी तिथपर्यंत पाहिलंच नव्हतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून पहिल्या १० सेकंदांत काय मिळणार नाही ते, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात कधी मिळेल ते, हा क्रम मी सोडलेला नाही.

आता तुमचा मजकूर मी का बाजूला ठेवायला सांगितला, ते बघू.

“अपरिहार्य कारणांमुळे” आणि “गैरसोयीबद्दल दिलगिरी” हे शब्द मुंबईतला माणूस रोज स्टेशनवर ऐकतो. गाडी उशिरा आली की भोंग्यातून कोणीतरी दिलगीर असतं. ते ऐकून कुणी रागावत नाही आणि कुणी शांतही होत नाही, कारण त्यामागे बोलणारा माणूसच नसतो. तुम्ही तेच शब्द वापरलेत की तुमचा चेहरा समोर असूनही आवाज भोंग्यासारखा लागतो. “माफ करा” हे दोन शब्द पुरे आहेत. घरात, शेजारात आपण जे म्हणतो तेच. “मनःपूर्वक”, “अंतःकरणापासून” हे जोडू नका. आणि “माफ करा” एकदाच म्हणा. तीनदा म्हटलं की ऐकणाऱ्यालाच “असू दे हो” म्हणायची जबाबदारी येते, म्हणजे तुमचं ओझं तुम्ही त्याच्या डोक्यावर ठेवता.

दुसरं, पाऊस. पाऊस पडला असेल, हवेत दमटपणाही असेल. पण चकल्या मऊ पडल्या त्या कोमट भरल्यामुळे, हे तुम्हीच लिहिलंय. गिरगावात पाऊस झाला की नाही हे तुमच्या गिऱ्हाइकांना खिडकीतून दिसतं आणि घरी चकली करणाऱ्या बाईला दमट हवेचं कारण किती खरं तेही कळतं. खरं कारण सांगण्याचा आणखी एक फायदा इथे आहे. “वाफ धरली” हे ऐकल्यावर प्रत्येक घरातली बाई मान हलवेल, कारण तिच्याही हातून हे एकदा तरी झालेलं असतं. तिला तुमची चूक समजते आणि पुढच्या चकल्या कुरकुरीत का असतील तेही समजतं, कारण आता तुम्ही त्या निवू देणार आहात. खोटं कारण दिलंत तर पुढची चकली चांगली येईल असं मानायला तिच्याकडे काही आधार उरत नाही.

इथे एक कायद्याची बाजूही आहे. ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये जे नियम आले, त्यांत सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोचला तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असं आहे. अपवाद आपत्तीमुळे झालेल्या उशिराचा. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणारं दुकान यातल्या नेमक्या कुठल्या नियमात बसतं हा वकिलाचा विषय आहे, मी त्यात शिरत नाही. पण दोन गोष्टी त्यातून घ्या. एक, पैसे परत करताना “आमच्याकडून एक छोटीशी भेट म्हणून” अशी भाषा वापरू नका, ते त्यांचेच पैसे आहेत. दोन, आपत्ती नसताना पावसाचं नाव घेतलंत तर ते फक्त सबब वाटत नाही, पैसे द्यायची टाळाटाळ वाटते.

तिसरं, मराठीची एक सवय. आपली भाषा चूक करणाऱ्याला फार सहज लपवू देते. “उशीर झाला”, “चकल्या मऊ पडल्या”, “पिशव्या भरल्या गेल्या”, या सगळ्यात करणारा कोणी नाही, गोष्टी आपसूक घडल्या. म्हणून मजकुरात “चकल्या मऊ पडल्या” च्या आधी “आम्ही कोमट असतानाच भरल्या” हे ठेवलंय. क्रम तसाच राहू द्या. आणि तिथे “आम्ही” च म्हणा. नव्या मुलीने भरल्या हे खरं असेल, पण गिऱ्हाइकाने ऑर्डर तिला दिली नव्हती. शिवाय तो व्हिडिओ ती मुलगीसुद्धा बघणार आहे, आणि रविवारी सकाळी तिनेच पुन्हा पिशव्या भरायच्या आहेत.

“टीम रात्रंदिवस झटत आहे” हे वाक्य मी नेहमी काढतो. बायका खरंच रात्री जागणार असतील, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण माफी मागताना आपल्या कष्टांचा उल्लेख केला की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याकडून सहानुभूती मागितली जातेय. तीच गोष्ट “सहकार्य असंच राहू द्या” ची. त्यांनी सहकार्य करायचं ठरवलेलं नाही, त्यांना तुम्ही थांबायला लावलंय. त्या जागी मी “चकली नको” चा पर्याय ठेवलाय, म्हणजे थांबायचं की नाही हे त्यांच्या हातात येतं. दोनच शब्द टाइप करायचे, कारण द्यायचं नाही, फोन करायचा नाही. फोन करून पैसे मागणं बऱ्याच लोकांना अवघड वाटतं, मग ते गप्प बसतात आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात.

आणि पुढच्या ऑर्डरवर सवलत वगैरे या व्हिडिओत जाहीर करू नका. सवलत म्हणजे पुन्हा खरेदी करा असं सांगणं. माफी आणि विक्री एकाच तोंडातून, एकाच मिनिटात आली की माफीच विक्रीचा भाग वाटायला लागते. चकलीच्या पिशवीत दोन मूठ जास्त घालायची असेल तर जरूर घाला, पण त्याबद्दल बोलू नका.

“पहिल्या अंघोळीला ताटात चकली नसेल, हे मला कळतं.” मजकुरातलं हे एक वाक्य मात्र कोणी लांब वाटतं म्हणून काढायला सांगितलं तरी काढू नका. नुकसान काय झालं ते तुम्ही स्वतः, त्यांच्या घरातल्या शब्दांत म्हणता, ते इथेच. ते नसलं तर बाकी सगळं सामान पोचवण्याची सूचना होते. बोलताना या वाक्याआधी एक श्वास थांबा आणि आवाज बदलायचा प्रयत्न करू नका.

आता रेकॉर्डिंग. फार काही लागत नाही, पण गिरगावात सणाच्या संध्याकाळी आवाज हाच प्रश्न असतो. रस्त्यावर फटाके, दुकानात पंखा आणि चिमणीचा पंखा. आतल्या कोठीत जा, जिथे डाळ-तांदळाची पोती आहेत. पोती आवाज शोषतात, त्यामुळे तिथे घुमत नाही. पंखे बंद करा. फोन उभा, डोळ्यांच्या उंचीवर, एखाद्या डब्याला टेकवून, हातभर अंतरावर ठेवा. जास्त लांब गेलात तर फोनच्या माइकला तुमचा आवाज कमी आणि खोलीचा जास्त लागतो. दिवा तुमच्या समोर हवा, मागे नको. मागे संगीत अजिबात नको.

कपडे रोज दुकानात असता तेच. एप्रन असेल तर राहू द्या, मुद्दाम घालू नका. हातात हवी तर मऊ पडलेल्या चकल्यांची एक पिशवी धरा आणि “वाफ धरली” म्हणताना दाखवा. पिशवीच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल तर कारण सांगायला एक वाक्यही जास्त लागत नाही. तळणाऱ्या बायकांचे दमलेले चेहरे किंवा बाजूला काढलेल्या ३१ किलोंचा ढीग मात्र दाखवू नका. ढीग बघून माणसाच्या मनात तुमचं नुकसान येतं, आणि हा व्हिडिओ त्याच्या नुकसानीबद्दल आहे.

मजकूर पाठ करू नका. कागदावर फक्त पाच गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: चकली उद्या नाही, कोमट भरल्या, बाकी उद्या, चकली मंगळवार १२, “चकली नको”. तो कागद फोनच्या मागे लावा आणि बोला. दोनदा रेकॉर्ड करा, त्यातला दुसरा बहुतेक वेळा चांगला येतो. तिसऱ्यापासून माणूस अभिनय करायला लागतो. मध्ये “चिवडा” म्हणायचं विसरून मग आठवून म्हणालात तर ते तसंच राहू द्या. दिवस किंवा वेळ चुकीची बोललात तर मात्र पुन्हा करा, ती एकच चूक चालणार नाही.

पाठवायचा कोणाला, तर ज्यांना फोन झाले नाहीत त्या घरांना, फक्त त्यांना. इन्स्टावर तुमची जी बाकीची माणसं आहेत त्यांची चकली उशिरा आलेली नाही. त्यांना हा व्हिडिओ म्हणजे “या दुकानात काहीतरी बिघडलंय” एवढाच निरोप आहे. आणि ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांना तो जगासमोर मागितलेल्या माफीसारखा वाटतो, त्यांच्याशी बोलल्यासारखा नाही. जाहीर माफी तेव्हाच, जेव्हा शब्द जाहीर दिलेला असतो. “धनत्रयोदशीच्या आत नक्की” अशी पोस्ट तुम्ही टाकली असेल तर त्याच पोस्टखाली दोन ओळींत नवा दिवस लिहा, तेवढं पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायचा मोह होईल. त्यात एक खाच आहे: ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. वर्षातून एकदा फराळ मागवणारी निम्मी माणसं नंबर सेव्ह करत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना कळवलं. स्टेटसवर ठेवलात तर २४ तासांनी तो जातो आणि कोणी पाहिला हे नशिबावर. चाळीस-पंचेचाळीस जणांना एकेक करून पाठवा. आधी नाव टाइप करा, मग व्हिडिओ, आणि खाली हा मजकूर, कारण लोकलमध्ये उभा असलेला माणूस आवाज लावून व्हिडिओ बघणार नाही:

> जोशीकाकू, नमस्कार. घाईत आम्ही चकल्या कोमट असतानाच भरल्या, त्या मऊ पडल्या. माफ करा. लाडू, करंज्या, चिवडा, शंकरपाळे उद्या शनिवारी येतील. नवी चकली मंगळवारी दुपारी १२ च्या आत, वेगळी, जास्त पैसे न घेता. नको असेल तर “चकली नको” एवढं लिहा, पैसे त्याच दिवशी परत.

काकू, मावशी, साहेब, दादा, तुम्ही एरवी ज्यांना जशी हाक मारता तशीच इथे लिहा. नेहमीच्या सुमनमावशींना अचानक “आदरणीय ग्राहक” केलंत तर त्यांना काहीतरी फार वाईट घडलंय असं वाटेल.

हे सगळं आज रात्री साडेनऊच्या आत जायला हवं. उद्या दारात डबा आल्यावर चकली नाही हे त्यांना स्वतःला कळलं, तर नंतर आलेली माफी ही पकडले गेल्यानंतरची माफी होते, मजकूर शब्दशः हाच असला तरी. उद्या डबा घेऊन जाणाऱ्या पोरांनाही एकच वाक्य द्या: “चकली मंगळवारी दुपारपर्यंत येते, ताईंनी निरोप पाठवलाय.” त्यांनी आपल्या मनाने “उद्या येईल हो काकू” असं म्हटलं की तुमचा मंगळवार तिथेच मोडला.

उत्तरं येतील तेव्हा “चकली नको” ला वाद घालू नका आणि समजूत काढू नका. पैसे पाठवा आणि “पाठवले, मिळाले का बघा” एवढं लिहा. कुणी चिडून लिहील, “दरवर्षीचं आहे हे, यापुढे तुमच्याकडून घेणार नाही.” त्यांना व्हिडिओतलं कारण पुन्हा सांगू नका, त्यांनी ते ऐकलंय. “तुमचा राग बरोबर आहे. डबा उद्या येतोय, चकलीचं तुम्ही सांगाल तसं करते.” इथे थांबा. मात्र “दरवर्षीचं” हा शब्द खरा असेल, म्हणजे मागच्या दिवाळीतही त्यांना उशीर झाला असेल, तर त्यांना व्हिडिओ नव्हे, फोन जायला हवा होता. आत्ता करा.

रविवारी संध्याकाळी कळवेन म्हणालात, ते विसरू नका. त्याला व्हिडिओ नको, ज्यांची चकली बाकी आहे त्यांना एक ओळ: “२४ घरी चकली पोचली, तुमची सोमवारच्या फेरीत आहे.” रविवारी १२ ऐवजी १० किलोच निघाली असेल तर तेही त्याच ओळीत आलं पाहिजे, आणि मंगळवार दुपार अजून पाळता येते का ते त्याच रात्री पुन्हा मोजा. चार पिशव्या सोमवारवर ढकलल्या गेल्या तरी सोमवारच्या घाण्यात ५ च्या ९ होतात, म्हणजे जमतं. त्याहून जास्त मागे पडलात तर उरलेल्या घरांना मंगळवार उजाडायची वाट न बघता फोन करा. दुसरा माफीचा व्हिडिओ कोणत्याही परिस्थितीत करू नका.